तो मराठीतून हिंदीत का जातो?

«मी साताऱ्याची, वय २८, पुण्यात नोकरी. विवाहाच्या साइटवरून इंदूरच्या एका मराठी मुलाशी ओळख झाली. तीन आठवडे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतोय. सुरुवात इंग्रजीत झाली, नंतर तो हिंदीवर आला. मी मराठीत लिहिलं की तो दोन ओळी मराठीत लिहितो आणि पुन्हा हिंदी. परवा ‘लग्नानंतर कुठे राहायचं?’ असं विचारलं तर एकदम सगळं इंग्रजीत! आई म्हणते, ज्याला मराठी बोलवत नाही तो आपला कसला. मैत्रीण म्हणते, इंग्रजी म्हणजे चार हात लांब ठेवणं. मी स्वतःही खूपदा इंग्रजीतच लिहिते, कारण ‘तू’ म्हणू की ‘तुम्ही’ तेच ठरत नाही. परवापर्यंतचं सगळं बोलणं सोबत पाठवते आहे. त्याच्या मनात काय असेल?»

तो कुठल्या भाषेत लिहितो यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. भाषा नेमकी कुठे बदलली आणि बदलल्यावर पुढे काय झालं, यावरून बरंच कळतं. तेही त्याच्या नेहमीच्या वळणाशी ताडून पाहिलं तर. तुमची आई आणि मैत्रीण दोघीही आपल्याकडचे अर्थ त्याच्या भाषांना चिकटवताहेत. इंदूरमध्ये वाढलेल्या मराठी मुलाकडे याच तीन भाषा असतात, पण त्यांना कामं वेगवेगळी वाटून दिलेली असतात.

साताऱ्यात मराठी घरचीही आणि कट्ट्यावरचीही. चेष्टा, भांडण, कौतुक, शिव्या, सगळं तिच्यातच. हिंदी असते ती सिनेमातली किंवा बाहेरून आलेल्या माणसाशी बोलायची, म्हणून समोरून हिंदी आली की तुम्हाला ती वरवरची वाटते. इंदूरला होळकरांच्या काळापासून मराठी घरं आहेत, पण तिथे मराठी बरीचशी उंबऱ्याच्या आत राहिली. आजी, काका, पाहुणे, गणपतीतली आरती यांच्यासाठी ती. शाळा, मैदान, मित्र, पहिलं प्रेम यांच्यासाठी हिंदी. म्हणजे त्याच्याकडे मराठी ही बव्हंशी मोठ्यांशी नीट वागायची भाषा आहे आणि बरोबरीच्या माणसाशी सैल होऊन बोलायची भाषा हिंदी आहे. तो हिंदीवर आला तेव्हा तुम्हाला वाटलं की लांब गेला. त्याच्या हिशेबात तो बहुधा तेव्हाच जवळ आला.

हे खरं की नाही ते मेसेजच्या लांबीवरून पाहता येतं. तुम्ही पाठवलेल्या बोलण्यात त्याचं मराठी असं आहे: ‘हो, चालेल’, ‘बरं आहे’, ‘आईला विचारून सांगतो’. छोटी, सभ्य, चूक होणार नाही अशी वाक्यं. हिंदीत मात्र तो पाच-सहा ओळी सलग लिहितो, स्वतःवर हसतो, एक विषय अर्धा टाकून दुसऱ्यात शिरतो. ज्या भाषेत माणूस पसरतो ती त्याची सवडीची भाषा. दुसरी खूण दिवसाच्या शेवटची. रात्री अकरानंतर, दमलेला असताना तो कशात लिहितो ते बघा. थकलेला माणूस भाषा निवडत बसत नाही.

त्याच्या मराठीत तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसली असेल. ‘मी बॉसला सांगून दिलं’ असं त्याने लिहिलंय. हे ‘बता दिया’चं मराठी आहे आणि इंदूरच काय, नागपूरच्या मराठीतही सर्रास ऐकू येतं. पण पुण्या-साताऱ्याकडच्या मुलीला लिहिताना अशी वाक्यं करणाऱ्याला आपलं मराठी ‘तसलं’ आहे याची पक्की जाणीव असते. वऱ्हाडातली, मराठवाड्यातली, कोल्हापूरकडची मुलंही पुण्यात आल्यावर याच कारणाने हिंदी नाहीतर इंग्रजीचा आडोसा घेतात. तुम्ही त्या ‘सांगून दिलं’वर हसण्याचा इमोजी टाकलाय. चेष्टेने टाकलाय, कळतं. पण त्यानंतरचे त्या दिवशीचे त्याचे सगळे मेसेज हिंदीत आहेत, हेही पाहून ठेवा.

अगदी सुरुवातीला दोघंही इंग्रजीत का होतात, त्याला तुमच्याच बाजूचं एक उदाहरण चपखल बसतं. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी गावकऱ्यांच्या बोलण्याचा अभ्यास केला. त्यांचा लेख १९७१ साली आला. तिथे जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू. पण एकमेकांशी बोलायचं तर मराठी, कारण ती त्या दोघांपैकी कुणाच्याच घरची नव्हती. कन्नड बोलावं तर समोरच्याने आपल्या अंगणात यावं असं होतं, उर्दूतही तेच. मराठीत कुणाचंच पारडं जड नाही. साइटवर ओळख झालेल्या दोघांत इंग्रजी हेच काम करते. त्यात प्रेम नसतं आणि तुसडेपणाही नसतो. पहिल्या आठवड्यातल्या इंग्रजीतून काही अर्थ काढू नका. त्यानंतर इंग्रजीतून पहिल्यांदा बाहेर कोण पडलं आणि कुठल्या विषयावर, तो अर्थ काढण्याजोगा भाग. इथे तो पडला, आठव्या दिवशी, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करताना. तुम्ही अजून अर्ध्याच बाहेर आहात.

आता तुमच्या ‘तू की तुम्ही’कडे यायला हवं, कारण पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि निम्मा घोळ तिथेच आहे.

मराठीत लिहायचं म्हणजे नातं ठरवून लिहायचं. इंग्रजीच्या ‘यू’मध्ये ते झाकलं जातं. मराठीतही थोडा वेळ झाकता येतं आणि तुम्ही ते फार सफाईने केलंय. ‘जेवण झालं का?’ यात तू नाही आणि तुम्हीही नाही. ‘जेवलास का?’ किंवा ‘जेवलात का?’ म्हटलं की पत्ते उघडे पडतात. ‘उद्या फोन करणार का?’ सुरक्षित आहे. ‘करणार आहेस’ आणि ‘करणार आहात’ नाही. ‘ऑफिस कसं होतं’, ‘काय चाललंय’, ‘झोप झाली का’ ही सगळी त्याच जातीची वाक्यं. पण हा साठा लवकर संपतो. ‘काय वाटतं?’पर्यंत गाडी कशीबशी येते, ‘तुला काय वाटतं’ किंवा ‘तुम्हाला काय वाटतं’ म्हणायची वेळ आली की अडते. मनातलं काही विचारायचं तर माणसाला सर्वनाम लागतंच. म्हणून तुमचं मराठी जेवणाखाणापर्यंत चालतं आणि खरा प्रश्न आला की तुम्ही इंग्रजीत जाता. त्याला बाहेरून दिसतं ते एवढंच, की ही मुलगी महत्त्वाच्या वेळी औपचारिक होते.

हे आपोआप सुटत नाही, कुणालातरी बोलावं लागतं. तुम्हीच बोला, एका ओळीत: ‘मी तुला तू म्हणू का? तूही म्हण.’ दुसरं वाक्य महत्त्वाचं. एक जण ‘तू’ आणि दुसरी ‘तुम्ही’ अशी घडी एकदा बसली की ती मोडणं अवघड जातं. जुन्या घरांत नवरा ‘अगं’ आणि बायको ‘अहो’ अशीच ती बसलेली असे. दोघांनी ‘तू’ किंवा दोघांनी ‘तुम्ही’, दोन्ही चालेल. त्याने आपण होऊन तुम्हाला ‘तू’ म्हणायला सुरुवात केली आणि तुमच्याकडून मात्र ‘तुम्ही’च घेत राहिला, तर ती गोष्ट हिंदी-मराठीपेक्षा कितीतरी जास्त लक्ष देण्यासारखी.

त्याच्या हिंदीतही ही पायरी आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटलीय. हिंदीवर आल्यावर सुरुवातीचे काही दिवस तो ‘आप’ लिहितो: ‘आपका दिन कैसा रहा’. नंतर ‘तुम’ येतं. हिंदीतलं ‘तुम’ हे साधारण आपल्या बरोबरीच्या ‘तू’च्या जागी असतं, तिथलं ‘तू’ फार लंगोटीयाराचं किंवा रागाचं. म्हणजे तो ‘आप’वरून ‘तुम’वर आला तेव्हाच त्याने ओलांडायचं ते ओलांडलं होतं. मराठीत याल तेव्हा तुमचं ‘तू’ त्याला खटकायचं कारण नाही. मराठी घरातला आहे, स्वतःच्या आईलाही तो ‘तू’च म्हणत असणार.

आता परवाचं बोलणं. मुळात सगळं रोमन अक्षरांत टाइप केलेलं आहे, इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत घेतलं आहे.

तुम्ही: लग्नानंतर कुठे राहायचं असं काही ठरवलंय का?

तो: ऑनेस्टली, आय हॅवन्ट डिसायडेड. माय पेरेंट्स आर अलोन इन इंदौर, सो दॅट इज ऑन माय माइंड. बट माय कंपनी हॅज अ पुणे ऑफिस, आय कॅन आस्क. व्हॉट अबाउट यू?

तुम्ही: ओके. नो इश्यूज. वी कॅन डिस्कस लेटर.

तो: हाँ ठीक है। वैसे आज खाना तुमने बनाया या फिर से मेस?

इंग्रजीत जाण्याची कारणं साधारण तीन असतात. पहिलं, विषयच इंग्रजीत राहणारा असतो. बदली, ऑफिस, घराचं भाडं, हप्ते यांवर पुण्यातली अस्सल मराठी माणसंही इंग्रजी शब्दांतच बोलतात. दुसरं, अवघड गोष्ट शिकलेल्या भाषेत सांगणं सोपं जातं. हे मोजून पाहिलेलं आहे. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले वर्ज्य शब्द आणि लहानपणी खाल्लेल्या दटावण्या ऐकवल्या आणि त्वचेवरच्या घामाचा बदल यंत्रावर टिपला; मातृभाषेतल्या दटावण्यांनी अंग जास्त हललं. हा अभ्यास कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांचा, २००३ चा. ‘आईबाबा एकटे आहेत’ हे मराठीत लिहिताना त्याचा हात अडला असेल आणि इंग्रजीत अडला नसेल, तर त्यात नवल नाही. तिसरं कारण मात्र माघार घेण्याचं: विषय नको आहे, दार लोटून घ्यायचं आहे.

ही तीन ओळखायची कशी? भाषेकडे न बघता मेसेजच्या आत बघून. माघारीचा मेसेज आखूड असतो. त्यात ‘मी’ नसतो, माहिती नसते, ‘बघू’, ‘लेटर’, ‘नो इश्यूज’ असले झाकणाचे शब्द असतात आणि शेवटी प्रश्न नसतो. विषयामुळे किंवा संकोचामुळे भाषा बदललेला मेसेज उलट लांबतो. त्यात नवी माहिती येते, मनातली अडचण येते, प्रश्न परत येतो. आणि विषय संपला की माणूस लगेच, त्याच बसल्या बैठकीत, आपल्या नेहमीच्या भाषेत उतरतो. माघार घेतलेला तसा उतरत नाही, दोन-तीन दिवस तिथेच राहतो आणि त्याचे मेसेज आखूडच राहतात.

या मापाने त्याचा मेसेज पाहा. आईवडिलांची अडचण सांगितली, पुण्याचा मार्ग सुचवला, तुमचं मत विचारलं आणि पुढच्याच ओळीत हिंदीत येऊन जेवणाची चौकशी केली, ‘तुम’ धरून. हा लांब जाणारा माणूस दिसत नाही. त्या चार मेसेजांत माघारीचा एकच आहे आणि तो तुमचा. त्याने विचारलेल्या ‘व्हॉट अबाउट यू’ला तुम्ही उत्तरच दिलं नाही. तुम्हाला इंदूरचं नाव ऐकून धसका बसला असेल, किंवा ‘तू-तुम्ही’ची अडचण आली असेल; त्याला यातलं काहीच दिसलं नाही, तीन गार इंग्रजी वाक्यं दिसली. तुमची मैत्रीण त्याच्याबद्दल करते तसलंच निदान त्याचा एखादा मित्र तुमच्याबद्दल करत नाही ना, असं विचारावंसं वाटतं.

तीन आठवड्यांचं सगळं बोलणं असंच तपासायचं असेल तर सगळे मेसेज वाचू नका. शेवटचे शंभर-दीडशे घ्या आणि फक्त जिथे भाषा बदलली त्या जागा कागदावर टिपा; शेजारी त्या वेळचा विषय आणि बदल कुणी केला ते लिहा. पंधरा-वीसच्या वर जागा निघायच्या नाहीत. त्यातून ‘थँक्यू’, ‘सॉरी’, ‘गुड नाइट’, ‘टेक केअर’ वगळा. हे शब्द आता कुठल्याच भाषेचे राहिले नाहीत. दिवसा कामाच्या वेळातले मेसेजही बाजूला ठेवा, कारण ऑफिसच्या संगणकावर बसलेला माणूस समोरच्या कीबोर्डाप्रमाणे इंग्रजीत लिहितो. रोमनमध्ये मराठी टाइप करताना फोन प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढतो, ‘आहे’चं काहीतरी भलतंच करून ठेवतो, वैतागून माणूस इंग्रजीत गेला तर तो वैताग फोनवरचा असतो. एवढं गाळून ज्या सात-आठ जागा उरतील त्यांतल्या विनोदाच्या आणि तक्रारीच्या जागा आधी पाहा. माणूस चेष्टा कुठल्या भाषेत करतो आणि कुरकुर कुठल्या भाषेत करतो, यावरून तो कुठे निर्धास्त आहे ते दिसतं. माहिती द्यायची भाषा परिस्थितीप्रमाणे ठरते, तिच्यावर भर देऊ नका.

आणि तुम्ही मराठीत लिहिल्यावर त्याने लिहिलेल्या त्या ‘दोन ओळी’ हलक्यात घेऊ नका. त्याला सोयीची भाषा हाताशी असताना तो अवघड भाषेत दोन ओळी लिहितो, म्हणजे तुमच्याकडे वळतो. इथे एक हमखास गफलत होते. त्याचं मराठी अडखळतंय असं पाहून, त्याला सोपं जावं म्हणून तुम्ही इंग्रजीत किंवा हिंदीत उत्तर देता. हेतू चांगला, पण त्याच्याकडे पोचतं ते ‘तुझं मराठी जमलं नाही’. तुमच्या बोलण्यात हे दोनदा झालंय. मराठी ओळीला मराठीच उत्तर द्या, सोप्या वाक्यांत, आणि चूक दिसली तर दुरुस्त करू नका. पुढच्या मेसेजात तोच शब्द बरोबर वापरलात तरी पुरे. ‘मराठीत बोल ना’ असा आग्रहही नको. फर्माइशीवर कुणी मोकळं होत नाही.

त्यापेक्षा एक साधी वाटणी करा: तुम्ही मराठीत लिहा, त्याने हिंदीत लिहावं. दोघांनाही दोन्ही कळतं, त्यामुळे कुणालाच अवघड भाषेत लिहायचं ओझं नाही. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावांत आणि मुंबईच्या चाळींत असं बोलणं रोज चालतं, त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. हे असं लिहिता येईल: ‘तू हिंदीतच लिही, मला तुझी हिंदी आवडते. मी मराठीत लिहिते, मला तेच सुचतं. अडलं तर विचार.’ दोन-तीन आठवड्यांत त्याच्या हिंदीत तुमचे मराठी शब्द शिरायला लागतील. ‘अरे वा’, ‘बरं’, ‘काहीतरीच’ हे आधी येतात, सर्वनामं आणि क्रियापदं बरीच नंतर. ते होऊ लागलं तर शुभलक्षण समजा. नाही झालं तर अपशकुन समजू नका. काही माणसांची लेखी भाषा हलतच नाही.

चॅटवरून एक गोष्ट मुळीच कळत नाही, ती म्हणजे तो बोलतो कसा. शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमाची असेल तर मराठी लिहायची सवयच नसते, पण आजीशी बोलून बोलून जीभ वळलेली असते. एक वीस मिनिटांचा फोन करा. सुरुवात मराठीत करा, आणि घरच्या माणसांचा विषय काढा: आजी, सणाचं जेवण, बहिणीचं लग्न. त्या विषयांवर त्याची मराठी असेल तर तिथेच निघेल, क्रिकेट आणि ऑफिसवर निघणार नाही. तुमच्या आईच्या शंकेचंही उत्तर तिथेच आहे. बघण्याच्या कार्यक्रमात मोठ्यांसमोर हा मुलगा बहुधा तुमच्यापेक्षा अदबशीर मराठी बोलेल, आणि मग घरचे त्याचं कौतुक करतील तेव्हा त्यावरूनही फार काही ठरवू नका. ती त्याची ठेवणीतली भाषा आहे. तो तुमच्याशी बोलतो ती वेगळी, आणि तुम्हाला राहायचं आहे तिच्याबरोबर.

सासरी कुणाशी काय बोलायचं, मुलं झाली तर त्यांची शाळा कुठल्या माध्यमाची, इंदूरच्या घरात हिंदी किती आणि मराठी किती, हे प्रश्न मात्र असल्या खाणाखुणांवर सोडू नका. ते सरळ विचारायचे असतात आणि त्यांची सरळ उत्तरं मिळतात.

त्याआधी ‘व्हॉट अबाउट यू’चं उत्तर द्यायचं राहिलंय. इंदूरला जायला मन तयार आहे का, पुण्यातली नोकरी सोडायची नाही असं आहे का, की त्याच्या आईवडिलांना पुण्याला आणायचं सुचवायचंय, जे असेल ते तीन-चार वाक्यांत, मराठीत, ‘तू’ धरून लिहा. त्यावर तो कुठल्या भाषेत उत्तर देतो ते बघू नका, काय उत्तर देतो ते बघा. उत्तर टाळलं, तेही दोनदा टाळलं, तर मैत्रिणीची शंका धरून बसायला जागा आहे, मग ते टाळणं अस्सल साताऱ्याच्या मराठीत असलं तरी.